जिमने मेंबरशिप रद्द केली, पैसे मात्र कापले जातायत? पत्रात फक्त एकच प्रश्न विचारा



मागच्या व्हिडिओत मी ‘पैसे परत मागणारं पत्र’ हा विषय घेतला, त्यावर एकच मागणी सगळ्यांत जास्त आली. ‘सर, जिमचं उदाहरण दिलंत, ते पूर्ण पत्र दाखवा ना.’ म्हणून आज ते पत्र इथे देतोय. पण नुसतं कॉपी-पेस्ट करू नका. त्यातलं प्रत्येक वाक्य का आहे आणि काही वाक्यं मुद्दाम का गाळली आहेत, हे समजून घ्या. उद्या तुम्ही स्वतः क्लास, डबा किंवा पार्लरचं मासिक पॅकेज विकाल, तेव्हा असं पत्र तुमच्याही टेबलावर येऊ शकतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रद्द केल्याचं उत्तर जिमने लेखी दिलेलं असेल, तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलेली असता. तरीही लोक हरतात, कारण पत्रात ते नको तेवढं लिहितात. ट्रेनर नीट नव्हता, एसी बंद असायचा, रिसेप्शनवरची मुलगी उर्मट बोलली, मला किती मनस्ताप झाला... प्रत्येक जादा तक्रार म्हणजे समोरच्याला वाद घालायला दिलेली एक जादा जागा. तुमचा प्रश्न एकच आहे: अमुक तारखेनंतर तुम्ही माझे पैसे कोणत्या कारणाने घेतले? या प्रश्नाला जिमकडे उत्तर नसतं. बाकी सगळ्याला असतं.

प्रकरण काय होतं

आमच्या एका बॅचमध्ये घरून केक बनवून विकणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी जिमचा मासिक प्लॅन घेतला होता. 1,500 रुपये फी आणि त्यावर तेव्हाचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला 1,770 रुपये. हे पैसे दर महिन्याच्या 5 तारखेला यूपीआय ऑटोपेने आपोआप जायचे.

4 मार्च 2025 ला ताईंनी जिमला ईमेल करून मेंबरशिप बंद करायला सांगितली. 6 मार्चला जिमचं उत्तर आलं: तुमची मेंबरशिप 31 मार्च 2025 रोजी संपेल, त्यानंतर शुल्क आकारलं जाणार नाही. ताई निर्धास्त झाल्या. ऑर्डरचे दिवस होते, बँकेच्या मेसेजकडे कोण बघतं? जूनमध्ये मैद्याच्या होलसेलरला पैसे पाठवताना शिल्लक कमी दिसली, म्हणून त्यांनी व्यवहारांची यादी उघडली. 5 एप्रिल, 5 मे आणि 5 जून अशा तीन तारखांना प्रत्येकी 1,770 गेले होते. एकूण 5,310 रुपये.

जिममध्ये जाऊन विचारल्यावर काउंटरवर तीन उत्तरं मिळाली. पहिलं, ‘सॉफ्टवेअरमधून कापले जातात, आमच्या हातात नाही.’ दुसरं, ‘ऑटोपे तुम्ही तुमच्या मोबाईलवरून बंद करायला हवं होतं.’ तिसरं, ‘मॅडम, पैसे परत नाही होणार, पण तीन महिने फ्री देतो, या ना परत.’

ही तीन उत्तरं पाठ करून ठेवा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हीच मिळतात, आणि आपलं पत्र या तिन्हींना तोंड देणारं असायला हवं.

मेंबरशिप वेगळी, ऑटोपे वेगळं

इथे मूळ गोष्ट समजून घेऊ. जिमशी तुमच्या दोन गाठी बांधलेल्या असतात. एक गाठ कराराची: तुम्ही मेंबर, म्हणून तुम्ही पैसे देणं लागता. दुसरी गाठ मँडेटची: तुमच्या खात्यातून ठरावीक तारखेला पैसे ओढायची तुम्ही दिलेली परवानगी. मेंबरशिप रद्द झाली की पहिली गाठ सुटते. दुसरी आपोआप सुटेलच असं नाही. ती जिमने त्यांच्या बिलिंगमधून सोडायला हवी, आणि तुम्हालाही तुमच्या यूपीआय ॲपमधून सोडता येते.

काउंटरवर कोणी ‘ऑटोपे तुम्ही बंद केलं नाही’ म्हटलं, की लोक गप्प होतात. आपलीच चूक वाटते. पण जरा विचार करा. दूधवाल्याला तुम्ही डब्यातून सुट्टे पैसे घ्यायची मुभा दिलीय. मग दूध बंद केलंत. डबा दारात तसाच राहिला म्हणून त्याला रोज पैसे उचलायचा हक्क मिळतो का? मँडेट म्हणजे पैसे कसे घ्यायचे याची परवानगी. पैसे का घ्यायचे याचं कारण करारात असतं, आणि तो करार जिमने स्वतः 31 मार्चला संपवला होता.

तरीही पत्र लिहायच्या आधी पहिलं काम कोणतं? ऑटोपे बंद करणं. पत्राला उत्तर येईपर्यंत आणखी एक 5 तारीख येऊ शकते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो. तिथे जिमचं मँडेट उघडून ते रद्द करा, यूपीआय पिन टाका आणि ‘रद्द झालं’ दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो ठेवा. पैसे ई-नॅचने जात असतील, तर नेट बँकिंगमधून किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन मँडेट रद्द करायचं आणि पोच घ्यायची. बँकेकडे मँडेट रद्द केल्यानंतरही नॅचने पैसे कापले गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे त्याची जबाबदारी तुमच्या बँकेवर येते. क्रेडिट कार्डावरून कापले जात असतील, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत नोंदवता येते. तिची मुदत ठरलेली असते, त्यामुळे ‘आधी जिम काय म्हणते बघू’ असं करत महिने घालवू नका.

आणखी एक. ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना आपण बघत नाही, ही आपली सवय. महिन्यातून एकदा ऑटोपेची यादी उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

पत्राआधी चार कागद एका जागी

ताईंना मी आधी पत्र लिहू दिलं नाही. आधी फोल्डर बनवायला लावला.

त्यात पहिला कागद जिमचा 6 मार्चचा ईमेल. हाच तुमचा हुकमाचा एक्का. ईमेल नसून व्हॉट्सॲप मेसेज असेल, तर नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका. समोरचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा. पाठवलेला मेसेज समोरच्याला डिलीट करता येतो, हे विसरू नका.

दुसरा कागद बँकेचं स्टेटमेंट. तीन व्यवहारांवर खूण केलेली, प्रत्येकाचा 12 आकडी यूटीआर क्रमांक दिसणारा. ‘तुम्ही माझे पैसे कापले’ असं लिहिलं, की जिमचा अकाउंटंट ‘बघतो’ म्हणतो. यूटीआर दिला की त्याला शोधायला जागाच उरत नाही, व्यवहार थेट समोर येतो.

तिसरा कागद जिमची पावती. इथे एक बारीक गोष्ट बघायची: पैसे नक्की कोणाच्या नावावर गेले? बोर्डवर मोठ्या ब्रँडचं नाव असतं, पण शाखा फ्रँचायझीची असते आणि खातं तिसऱ्याच फर्मच्या नावावर असतं. पावतीवर जीएसटी क्रमांकाशेजारी जे नाव छापलंय, ती तुमची खरी समोरची पार्टी. पत्र त्या नावाने लिहायचं आणि ब्रँडच्या ग्राहक सेवेला त्याची प्रत पाठवायची. नाहीतर शाखा म्हणते हेड ऑफिसला विचारा आणि हेड ऑफिस म्हणतं शाखेला विचारा.

चौथा कागद मेंबरशिपचा मूळ फॉर्म, मागच्या अटींसकट. ताईंच्या फॉर्मवर ‘रद्द करण्यासाठी 30 दिवसांची नोटीस’ अशी अट होती. 4 मार्च ते 31 मार्च म्हणजे 30 दिवसांपेक्षा कमी. मग एप्रिलचा हप्ता जिमचा होतो का? नाही. कारण 31 मार्च ही तारीख ताईंनी नाही, जिमने लिहून दिली. ज्याच्या फायद्याची अट होती त्यानेच लवकरची तारीख मान्य केली, तर नंतर त्याला तीच अट बाहेर काढून पैसे ठेवता येत नाहीत. पण हा मुद्दा येणार हे आधी माहीत असलं, तर पत्रात तो दरवाजा आधीच लावून टाकता येतो.

आता पत्र

ताईंनी पाठवलेलं पत्र असं होतं. नावं काढून टाकली आहेत, बाकी तसंच आहे.

> दिनांक: 9 जून 2025
>
> प्रति,
> (पावतीवरील फर्मचे नाव आणि पत्ता)
> प्रत: (ब्रँडचा ग्राहक सेवा विभाग)
>
> विषय: मेंबरशिप संपल्यानंतर कापलेले 5,310 रुपये परत मिळण्याबाबत. मेंबरशिप क्रमांक: (क्रमांक)
>
> महोदय / महोदया,
>
> 1. मी 4 मार्च 2025 रोजी ईमेलद्वारे मेंबरशिप रद्द करण्याची विनंती केली. आपण 6 मार्च 2025 च्या ईमेलने ती मान्य केली आणि मेंबरशिप 31 मार्च 2025 रोजी संपेल, त्यानंतर शुल्क आकारले जाणार नाही, असे लेखी कळवले. समाप्तीची तारीख आपणच निश्चित केलेली असल्याने नोटिशीच्या कालावधीचा प्रश्न उरत नाही.
>
> 2. त्यानंतर माझ्या खात्यातून यूपीआय ऑटोपेद्वारे पुढील रकमा आपल्याकडे गेल्या आहेत:
> 5 एप्रिल 2025: 1,770 रुपये, यूटीआर (क्रमांक)
> 5 मे 2025: 1,770 रुपये, यूटीआर (क्रमांक)
> 5 जून 2025: 1,770 रुपये, यूटीआर (क्रमांक)
> एकूण: 5,310 रुपये
>
> 3. 31 मार्च 2025 नंतर मी आपली सेवा घेतलेली नाही. आपली हजेरी नोंद कृपया तपासावी.
>
> 4. माझ्या बाजूने ऑटोपे मँडेट 8 जून 2025 रोजी रद्द केले आहे. ते आधी सुरू होते, यावरून करार संपल्यानंतर शुल्क घेण्याचा अधिकार निर्माण होत नाही.
>
> 5. माझी मागणी: (अ) 5,310 रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत करावेत. (ब) माझे खाते आपल्या बिलिंगमधून बंद केल्याचे लेखी कळवावे. रकमेऐवजी मोफत कालावधी किंवा पुढील शुल्कात वजावट मला मान्य नाही.
>
> 6. हे दोन्ही 17 जून 2025 पर्यंत करावे. तसे न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अंतर्गत तक्रार करीन.
>
> सोबत: 6 मार्चच्या ईमेलची प्रत, बँक स्टेटमेंट, मँडेट रद्द केल्याचा पुरावा.
>
> आपली,
> (नाव, सही, मोबाईल)

बस. एक पान.

काय गाळलं, आणि का

मेंबरशिप का सोडली, याचा पत्रात एक शब्दही नाही. ताईंना खरं तर तिथल्या वेळा जमत नव्हत्या. ते लिहिलं असतं तर जिमने लिहिलं असतं, ‘आता आम्ही सकाळची बॅच सुरू केलीय.’ विषय पैशांवरून वेळापत्रकावर गेला असता.

मनस्तापाची भरपाई मागितलेली नाही. यावर माझ्याशी बरेच जण वाद घालतात. ‘सर, 50 हजार मागा, मग ते घाबरून 5 हजार देतील.’ माझा अनुभव उलटा आहे. 5,310 ची मागणी शाखेचा मॅनेजर स्वतःच्या अधिकारात मिटवू शकतो. 50 हजारांचा आकडा दिसला की तो कागद वर पाठवतो, वरचा वकिलाकडे पाठवतो आणि तुमचे साधे पैसेही अडकतात. भरपाई मागायचा हक्क तुमचा आहेच. तो पुढे आयोगाकडे तक्रार करताना वापरा. पहिल्या पत्रात समोरच्याला ‘हो’ म्हणणं सोपं करून द्या.

‘पैसे द्या नाहीतर गुगलवर वन स्टार देईन’ हेही नाही. खरा अनुभव असेल तर रिव्ह्यू जरूर लिहा, पण तो पैशांच्या बदल्यात सौद्याला लावू नका. तुमचं सरळ प्रकरण उगाच धमकीसारखं दिसायला लागतं.

कलमांची रांगही नाही. कायद्याचं नाव एकदा आलं, पुरे. तारखा आणि यूटीआर जे काम करतात, ते दहा कलमं करत नाहीत.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल एक खबरदारी. मेंबरशिप संपल्यानंतर ‘पैसे कापलेच आहेत तर जाऊन येऊ’ म्हणून एक दिवसही जिमला जाऊ नका. बोट लावून आत गेलात की हजेरीत नोंद होते. मग तीच नोंद दाखवून जिम म्हणणार, ‘सेवा तर घेतलीय.’ फ्री महिने न घेण्याचं कारणही हेच. ते स्वीकारले की तुम्ही पुन्हा मेंबर झालात, आणि तुमचा एक्का तुम्हीच खाली ठेवलात.

पत्र पाठवायचं कसं? जिमच्या 6 मार्चच्या ईमेललाच रिप्लाय करून. म्हणजे उघडणाऱ्याला खाली त्यांचंच उत्तर दिसतं, वेगळं काही शोधावं लागत नाही. सोबत छापील प्रत स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी. व्हॉट्सॲपवर फक्त एवढंच: ‘ईमेल पाठवला आहे, कृपया बघावा.’ वाद तिथे घालायचा नाही.

पुढे काय झालं

तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. तेच, तीन महिने फ्री. ताईंनी फोनवर ‘बघते’ म्हटलं नाही. त्यांनी दोन ओळींचा ईमेल केला: ‘आज फोनवर आपण मोफत कालावधी देऊ केलात. पत्रातील मुद्दा 5 प्रमाणे तो मला मान्य नाही.’ फोनवर झालेलं बोलणं असं लगेच कागदावर आणायचं.

16 जूनला पैसे आले, पण 4,500. खाली टीप: जीएसटीची रक्कम सरकारजमा झाल्याने परत करता येत नाही.

इथे बहुतेक जण सोडून देतात. 810 रुपयांसाठी कोण भांडणार? पण जीएसटी नोंदणी असलेला धंदा उद्या तुम्हीही चालवणार आहात, म्हणून हे नीट ऐका. चुकून जास्त बिल झालं किंवा सेवा दिलीच नाही, तर विक्रेत्याला क्रेडिट नोट काढता येते. जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये तशी तरतूद आहे. क्रेडिट नोट काढून ती रिटर्नमध्ये दाखवली, की भरलेला कर त्याच्या हिशोबात कमी होतो. म्हणजे ‘सरकारजमा झाले’ हे ग्राहकाचे पैसे ठेवून घ्यायचं कारण नाही. तो त्यांच्या अकाउंटंटच्या टेबलावरचा अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

ताईंनी उत्तर लिहिलं: ‘4,500 रुपये मिळाले, धन्यवाद. उरलेल्या 810 रुपयांसाठी आपण तिन्ही बिलांची क्रेडिट नोट काढावी आणि रक्कम परत करावी. ही रक्कम मी सोडलेली नाही.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. अर्धे पैसे घेऊन गप्प बसलात, तर तडजोड झाली असं समोरचा म्हणू शकतो. आठवड्याभरात 810 पण आले.

समजा जिमने उत्तरच दिलं नसतं, तर? आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. 1915 नंबरवर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. ते तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवतात आणि मिटवायचा प्रयत्न करतात, निकाल देत नाहीत. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. मात्र आयोगाकडे वेळ लागतो, हे मनात धरून जा. म्हणूनच पहिलं पत्र नीट लिहायचं. तेच पुढे तक्रारीचा पाया बनतं.

आता काउंटरच्या पलीकडे उभे राहा

हे सगळं तुम्हाला ग्राहक म्हणून सांगितलं. आता दुकानदार म्हणून बोलतो.

त्या जिमने ताईंना ठरवून फसवलं असं मला वाटत नाही. रिसेप्शनवरच्या व्यक्तीने मान्यतेचा ईमेल केला. ऑटोपेचं बिलिंग दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर, ते बघणारा माणूस तिसराच. मधे निरोप कोणी द्यायचा हे ठरलेलंच नाही. गफलत अशीच होते. पण खरी गोम पुढे आहे. या गफलतीत दर महिन्याला पैसे जिमकडे येतात, जात नाहीत. मालकाचं नुकसान करणारी चूक आठवड्यात दुरुस्त होते. मालकाच्या गल्ल्यात भर घालणारी चूक वर्षानुवर्षं ‘सॉफ्टवेअर इश्यू’ म्हणून राहते. हेतू वाईट नसला तरी तिसऱ्या ग्राहकाने तक्रार केल्यानंतरही तुम्ही ती तशीच ठेवली, तर तो हेतूच झाला. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या पद्धतींची जी यादी काढली, त्यात वर्गणी रद्द करणं अवघड करून ठेवणाऱ्या सापळ्याचाही समावेश आहे.

तुमच्याकडे मासिक पैसे येणारं काहीही असेल, योगा क्लास, डबा, ट्यूशन, तर एक नियम आजच लिहून भिंतीवर लावा: मँडेट बंद झाल्याशिवाय ‘रद्द झाले’ हा मेसेज ग्राहकाला जाणार नाही. क्रम असाच, उलटा नाही. मेसेज पाठवणारा आणि मँडेट बंद करणारा माणूस एकच ठेवा. मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: शेवटची तारीख, शेवटचा हप्ता कोणता आणि मँडेट बंद केल्याची तारीख. आणि दर महिन्याला पैसे कापायच्या आदल्या दिवशी सोडून गेलेल्यांची यादी कापायच्या यादीशी ताडून बघा. 40 ग्राहक असतील तर दहा मिनिटांचं काम.

आणि कधी असं एक पानाचं, तारखा आणि यूटीआर असलेलं पत्र तुमच्याकडे आलंच, तर वाद घालू नका. फ्री महिना देऊ नका, ‘अ‍ॅडजस्ट करू’ म्हणू नका. त्याच दिवशी पूर्ण रक्कम जीएसटीसकट परत करा, क्रेडिट नोट काढा, आणि मग शांतपणे शोधा की यादीत अशी आणखी किती नावं आहेत. पत्र लिहिणारा एक असतो. न लिहिता दुसऱ्यांना सांगत फिरणारे किती, ते तुम्हाला कधीच कळत नाही.

पत्राचा मसुदा वापरताना काही अडलं तर व्हिडिओखाली लिहा. फक्त तुमचा यूटीआर, मेंबरशिप क्रमांक किंवा मोबाईल नंबर तिथे टाकू नका. तारखा आणि रक्कम पुरेशी आहे.